एकशत म्हणजे किती?

आमच्या संध्याकाळच्या उपनिषद वर्गात बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ येतात. संस्कृत त्यांनी साठीनंतर हाती घेतलं, पण आयुष्यभर बेरजा तपासण्याची सवय काही सुटलेली नाही. छांदोग्याच्या आठव्या अध्यायात इंद्र आत्मविद्या शिकायला प्रजापतीकडे जातो, तो भाग चालू होता. पहिल्यांदा इंद्र ३२ वर्षं राहतो. समाधान होत नाही म्हणून परत येतो आणि पुन्हा ३२ वर्षं राहतो. तिसऱ्यांदा आणखी ३२, आणि शेवटी प्रजापती त्याला म्हणतो, अजून पाच वर्षं राहा. मग उपनिषद एकूण काळ सांगतं, आणि त्यासाठी शब्द वापरतं ‘एकशत’. वर्गातल्या एका ताईंनी वाचून अर्थ सांगितला, ‘अशी शंभर वर्षं झाली.’ त्यावर हे गृहस्थ वहीतून मान वर करून म्हणाले, ‘सर, एक वर्ष कमी पडतंय.’

त्यांचंच बरोबर होतं. ३२ त्रिक ९६ आणि पाच, म्हणजे १०१. एकशत हा शब्द आपल्याला ‘एक शत’, म्हणजे एक वेळा शंभर असा ऐकू येतो, कारण आपण ‘एकशे’ म्हणतो. संस्कृतात इथे तो ‘एक आणि शंभर’ असा आहे. उपनिषदाने हिशेब आधीच मांडून ठेवल्यामुळे चूक लगेच सापडली. जिथे असा हिशेब शेजारी नसतो, तिथे ती वर्षानुवर्षं तशीच राहते. पतंजलीच्या महाभाष्यात वेदांच्या शाखांची गणती आहे. सामवेदाच्या हजार, ऋग्वेदाच्या २१, अथर्ववेदाच्या नऊ, आणि यजुर्वेदाच्या ‘एकशत’. परंपरेने ही बेरीज ११३१ सांगितली जाते. यजुर्वेदाला १०१ धरल्या तरच ती येते. शंभर धरल्या तर ११३० होते.

अडचणीचं मूळ एवढंच आहे. संस्कृतात दोन संख्याशब्द एकमेकांना चिकटले की त्यांची बेरीज करायची की गुणाकार, हे समासाच्या बाहेरच्या रूपावरून नेहमी कळत नाही. ‘आणि’ दोघांच्या मध्ये लपलेला असतो किंवा ‘वेळा’ लपलेला असतो. वाचणाऱ्याला तो ओळखावा लागतो.

शंभराच्या आत संस्कृतने एक सोय करून ठेवली आहे. पाणिनीने सहाव्या अध्यायात तिचे नियम दिले आहेत. बेरीज असेल तेव्हा द्वि, त्रि आणि अष्ट ही तीन रूपं बदलतात. द्विचं द्वा होतं, त्रिचं त्रयस् होतं, अष्टचं अष्टा होतं. म्हणून बारा म्हणजे द्वादश, तेरा म्हणजे त्रयोदश, अठरा म्हणजे अष्टादश. गुणाकार असेल तर द्वि आणि त्रि मूळ रूपातच राहतात. त्रिदश म्हणजे तेरा नव्हे, तीन वेळा दहा. देवांना त्रिदश म्हणतात ते ३३ या संख्येला गोळाबेरीज करून. त्रिसप्त म्हणजे २१, परशुरामाने पृथ्वी जितक्या वेळा निःक्षत्रिय केली तितके. द्विसप्त म्हणजे १४. सप्तदश म्हणजे १७, पण ‘सप्त’च्या रूपात काहीच फरक पडत नाही, कारण ही सोय फक्त त्या तीन शब्दांपुरती आहे.

ही खूण हाताशी असली की लांब समासही सुटतो. बृहदारण्यकात हृदयातून निघणाऱ्या नाड्यांची संख्या ‘द्वासप्तति’ हजार सांगितली आहे. आत ‘द्वा’ आहे, म्हणजे दोन आणि सत्तर, ७२. त्याला हजाराने गुणायचं, ७२,०००. आतल्या जोडीत बेरीज आणि बाहेरच्या जोडीत गुणाकार. सारं एका पट्टीने मोजायला गेलं की फसलंच. मात्र खुणेलाही मर्यादा आहे. चाळीसपासून पुढे रूप बदलणं ऐच्छिक आहे, म्हणून ४२ला द्वाचत्वारिंशत् आणि द्विचत्वारिंशत् दोन्ही चालतं. ऐंशीच्या आधी द्वि आणि त्रि बदलतच नाहीत, ८२ नेहमी द्व्यशीति आणि ८३ त्र्यशीति. तिथे ‘द्वि’ दिसला म्हणून कोणी दुप्पट करू नये.

आणि शंभरावर आलं की खूण संपतेच. कात्यायनाच्या वार्तिकाने स्पष्ट केलं आहे की हा रूपबदल शंभराच्या अलीकडेच होतो. म्हणजे १०२ द्विशत आणि २०० सुद्धा द्विशत. १०८ अष्टशत आणि ८०० सुद्धा अष्टशत. वेद म्हणणाऱ्यांना यात अडचण नव्हती, कारण स्वर वेगळे लागत. बेरजेच्या समासात पहिल्या शब्दाचा स्वर टिकून राहतो. तोंडून ऐकताच एकशे आठ की आठशे ते कळायचं. पुढच्या काळातल्या श्लोकांत स्वर गेले आणि हा फरक सांगणारं काही उरलं नाही.

मला वाटतं, आपण जपमाळेला ‘अष्टोत्तरशत’ म्हणतो, अष्टशत म्हणत नाही, त्यामागे हीच गरज असावी. ‘उत्तर’ म्हणजे इथे वर, अधिक. आठ वर असलेले शंभर. मधला एक शब्द घातला की आठशेची शक्यता संपली. ‘अधिक’ हाही त्याच कामाचा. मराठीने हा गुंता शब्दांचा क्रम ठरवून सोडवला. शंभराला ज्याने गुणायचं तो शब्द ‘शे’च्या आधी, ज्याची बेरीज करायची तो नंतर. आठशे आणि एकशे आठ यांत गोंधळ होऊच शकत नाही. पण हीच सवय घेऊन आपण संस्कृताकडे जातो आणि ‘शत’च्या आधी आलेल्या प्रत्येक शब्दाने गुणत सुटतो.

ही सवय किती नडते याचं उदाहरण श्रौतसूत्रांत आहे. सोमयागाच्या दक्षिणेच्या गायींची संख्या तिथे चढत्या क्रमाने येते. सात, एकवीस, साठ, शंभर, मग ‘द्वादशं शतम्’, मग हजार. मराठी डोक्याला हे बाराशे वाटतं. पण बाराशे हजाराच्या आधी कसे येतील? पाणिनीने पाचव्या अध्यायात यासाठी वेगळा प्रत्यय सांगितला आहे. दहाचा शेवट असलेल्या संख्येला तो लागला की ‘इतके जास्त असलेलं’ असा अर्थ होतो. बारा जास्त असलेलं शंभर, म्हणजे ११२ गायी. मीमांसकांनीही ज्योतिष्टोमाची दक्षिणा ११२ हीच धरली आहे.

आता एक जागा सावकाश बघू. महाभारताच्या आदिपर्वात, सुरुवातीलाच दुसऱ्या अध्यायात, अक्षौहिणीत किती रथ, हत्ती, घोडे आणि पायदळ असतं ते आकड्यांत सांगितलं आहे. ही जागा मी प्रत्येक नव्या तुकडीला देतो. इथे चूक करायला भरपूर वाव आहे आणि उत्तर तपासायची किल्ली शेजारीच ठेवलेली आहे.

आधी किल्ली. सगळ्यात लहान तुकडी म्हणजे पत्ति. तिच्यात एक रथ, एक हत्ती, तीन घोडे, पाच पायदळ. तीन पत्तींचं एक सेनामुख, तीन सेनामुखांचं एक गुल्म, आणि असंच तिप्पट करत गण, वाहिनी, पृतना, चमू आणि अनीकिनी. सात वेळा तिप्पट केल्यावर अनीकिनीत २,१८७ पत्ती होतात. दहा अनीकिनींची एक अक्षौहिणी, म्हणजे २१,८७० पत्ती. तेवढेच रथ आणि तेवढेच हत्ती. घोडे त्याच्या तिप्पट, पायदळ पाचपट.

रथांचा आकडा श्लोकात सुटा सुटा येतो. हजार एकवीस, त्यावर शेकडे आठ, आणि आणखी सत्तर. इथे फारसं कोणी चुकत नाही. फक्त ‘सहस्राणि’ बहुवचनी असताना ‘एकविंशतिः’ एकवचनी का, असा प्रश्न हमखास येतो. उत्तर असं की एकोणीसपर्यंतचे संख्याशब्द विशेषणासारखे वागतात, विंशतिपासून पुढचे नव्वदपर्यंतचे शब्द स्वतःच स्त्रीलिंगी एकवचनी नामं आहेत. ‘विसांचा एक गट’ असं मनात धरलं की एकवचन खटकत नाही.

घोड्यांपाशी पहिला खड्डा आहे. पासष्ट हजार झाल्यावर शेकडे येतात, मग ‘दशोत्तराणि’, मग ‘षट्’. घाईने वाचणारा दहा आणि सहा एकत्र करून सोळा करतो. सोळा शेकडे म्हणजे १,६००, एकूण ६६,६००. पण ‘दशोत्तराणि’ हे शेकड्यांचं विशेषण आहे, लिंग आणि वचन दोन्ही ‘शतानि’शी जुळतात. दहा वर असलेले सहा शेकडे, ६१०. अष्टोत्तरशतातलाच हा ‘उत्तर’. एकूण ६५,६१०. किल्ली लावू, २१,८७० तिप्पट ६५,६१०. जुळलं.

पायदळापाशी दुसरा खड्डा आहे आणि तो जास्त खोल आहे. आधी ‘शतसहस्र’ येतं. हा गुणाकार आहे, शंभर वेळा हजार, म्हणजे लाख. मग नऊ हजार. मग ओळीत ‘पञ्चाशच्छतानि’ असं जोडून दिसतं, आणि त्यापुढे ‘त्रीणि’. नुकताच शतसहस्राचा गुणाकार केलेला असतो, त्यामुळे डोकं तशाच चालीने पुढे जातं. पन्नास शेकडे म्हणजे पाच हजार, आणि वर तीन. उत्तर १,१४,००३. एका वर्षी माझ्याकडच्या एका पोथीत हे दोन शब्द असे घट्ट छापले होते की वर्गातल्या बहुतेकांनी हेच उत्तर काढलं.

खरं म्हणजे इथे समास नाहीच, नुसता संधी आहे. पञ्चाशत् मधला शेवटचा त् आणि शतानि मधला पहिला श एकत्र आले की ‘च्छ’ होतं, मग शब्द समासातले असोत की सुटे. जुन्या हस्तलिखितांत शब्दांमध्ये जागा सोडत नसत, त्यामुळे कुठे तोडायचं हे वाचणाऱ्यावरच असे. तोडायचा पुरावा ‘त्रीणि’त आहे. तो नपुंसकलिंगी बहुवचनी आहे, आणि त्याचं नातं सांगायला जवळ एकच नाम आहे, ‘शतानि’. तीन शेकडे. पन्नास वेगळे राहिले. म्हणजे पन्नास आणि तीनशे, ३५०. पाच हजार वाचलं तर ‘त्रीणि’ एकटं पडतं, तीन काय ते कळत नाही. एकूण १,०९,३५०. किल्ली लावू, २१,८७० पाचपट १,०९,३५०.

मला या जागेचं विशेष वाटतं ते यासाठी की चुकीचं उत्तरसुद्धा ऐकायला पटण्यासारखं असतं. एक लाख चौदा हजार तीन, असलं काय? महाभारतात मोठे आकडे असतातच. लिंग-वचन तपासल्याशिवाय किंवा पत्तीपासून हिशेब केल्याशिवाय चूक झाल्याचं जाणवतही नाही.

स्त्रीपर्वात आणखी एक श्लोक असाच आहे, पण तिथे किल्ली नाही. युद्ध संपल्यावर धृतराष्ट्र युधिष्ठिराला विचारतो, किती मेले? युधिष्ठिर आधी मेलेल्यांचा आकडा सांगतो, मग ज्यांचा पत्ता लागला नाही अशा वीरांचा. हा दुसरा आकडा शब्दशः असा आहे: चौदा हजार, आणखी दहा, शंभर, साठ आणि पाच. वरवर वाचलं तर १४,१७५ होतात. पण ‘आणखी’साठी तिथे ‘अन्यानि’ आहे, नपुंसकलिंगी बहुवचन. तो शब्द मागच्या ‘सहस्राणि’कडे बोट दाखवतो. आणखी दहा म्हणजे आणखी दहा हजार. एकूण २४,१६५. एका प्रत्ययावर दहा हजार माणसं अवलंबून आहेत.

मेलेल्यांचा आकडा वाचताना वेगळीच शिस्त लागते. आधी ‘दहा अयुतांचं अयुत’ येतं. अयुत म्हणजे दहा हजार. दहा अयुतं म्हणजे एक लाख, अशा लाखांचं अयुत म्हणजे शंभर कोटी. षष्ठी विभक्तीने गुणाकार सांगितला, बेरजेला जागाच ठेवली नाही. मग वीस हजार, आणि त्यानंतर सहासष्ट कोटी. मोठ्याकडून छोट्याकडे असा क्रम इथे पाळलेला नाही, मधे हजार येऊन पुन्हा कोटी येतात. क्रमाच्या भरवशावर वाचणारा इथे अडखळतो. एकूण १,६६,००,२०,००० होतात.

आता अठरा अक्षौहिणींत पत्तीच्या हिशेबाने रथ, हत्ती, घोडे, पायदळ सगळं मिळून ३९,३६,६०० होतात. चाळीस लाखही नाहीत, आणि मेलेले १६६ कोटी. हे जुळवण्यासाठी शब्दांची ओढाताण करणारे मी पाहिले आहेत. कोणी कोटीचा अर्थ बदलतो, कोणी अयुताचा. माझं मत स्पष्ट आहे, तसं करू नये. व्याकरणाने जो आकडा येतो तोच लिहावा आणि दोन पर्वांतले आकडे जुळत नाहीत हेही लिहावं. पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीचं काम १९१९ ते १९६६ असं जवळजवळ अर्धं शतक चाललं. त्या संपादकांनी हस्तलिखितं मिळवून जो पाठ सिद्ध केला, त्यात हा १६६ कोटींचा आकडा तसाच ठेवला आहे. आपल्याला पटेल असा करून घेतलेला नाही.

कोटीवरून देवांची आठवण होणं साहजिक आहे. बृहदारण्यकात शाकल्य याज्ञवल्क्याला विचारतो, देव किती? पहिलं उत्तर असं येतं: तीन आणि तीनशे, आणि तीन आणि तीन हजार. म्हणजे ३०३ आणि ३,००३, मिळून ३,३०६. शाकल्य पुन्हा पुन्हा विचारत राहतो आणि संख्या ३३, सहा, तीन, दोन अशी उतरत जाते. तेहतीसचा हिशेबही याज्ञवल्क्य देतो: आठ वसू, अकरा रुद्र, बारा आदित्य, इंद्र आणि प्रजापती. त्या संपूर्ण संवादात कोटी हा शब्द नाही, त्यामुळे कोटी म्हणजे प्रकार की शंभर लाख हा वाद तिथे उपस्थितच होत नाही.

पण त्या उतरंडीत दोन आणि एक यांच्यामध्ये आणखी एक पायरी आहे, ‘अध्यर्ध’. अर्धा अधिक असलेला, म्हणजे दीड. देव दीड. याज्ञवल्क्य त्याचा अर्थ वाहणारा वारा असा सांगतो. पहिल्यांदा वाचणारे इथे हमखास ‘अर्धा’ म्हणून पुढे जातात.

संस्कृतातले अपूर्णांक असेच चकवतात. ‘अर्धतृतीय’ शब्द घ्या. समोर अर्ध आणि तृतीय दिसतात, म्हणून कोणी तिसऱ्याचा अर्धा, म्हणजे एक षष्ठांश म्हणतो, तर कोणी साडेतीन म्हणतो. दोन्ही चूक. ज्यांच्यातला तिसरा अर्धा आहे ते, म्हणजे दोन पूर्ण आणि तिसऱ्याचा अर्धा भाग, अडीच. जैन ग्रंथांत माणसांची वस्ती जिथवर आहे त्या प्रदेशाला अडीच द्वीप म्हणतात. जंबूद्वीप पूर्ण, धातकीखंड पूर्ण आणि पुष्करवर द्वीपाचा अर्धा भाग. द्वीपांची नावं क्रमाने घेतली की तिसरं अर्धं का ते दिसतं.

मराठी माणसाला हा समास परका वाटू नये. प्राकृतात अर्धतृतीयचं अड्ढाइज्ज झालं आणि त्याचंच आपलं अडीच. म्हणूनच आपण साडेदोन म्हणत नाही. अर्धचतुर्थ, म्हणजे ज्यातला चौथा अर्धा आहे ते, साडेतीन. प्राकृतात त्याचं अद्धुट्ठ झालं आणि मराठीत औट. संतवाङ्मयात औट हात देह म्हणतात तो साडेतीन हातांचा, आणि पूर्वी शाळेत दिडकी, अडीचकीनंतर औटकी पाठ करून घेत.

त्या बँकेतल्या गृहस्थांना औटकी अजून येते. अर्धचतुर्थ शब्द फळ्यावर लिहिला आणि किती ते विचारलं, तेव्हा बाकीचे विग्रह शोधत होते. त्यांनी आधी ‘औट’ म्हटलं, आणि कोणी अर्थ विचारायच्या आत सुरू केलं: औट एके औट, औट दुणे सात, औट त्रिक साडेदहा.